वहीच्या शेवटच्या पानावरचं नाव

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे सोलापूरच्या घरांत ‘पाण्याचा दिवस’ म्हणजे पहाटेपासूनची धावपळ असते. सईच्या घरी त्या दिवशी पिंपं, घागरी, बादल्या भरणं चालू होतं. एक बादली कलंडली, पाणी दप्तरापर्यंत गेलं, म्हणून आईनं दप्तर उचलून पलंगावर उपडं केलं. गणिताची वही मागच्या बाजूनं उघडी पडली. शेवटच्या पानावर एकच शब्द वीस-पंचवीस वेळा लिहिलेला होता. अक्षरं गोल होती आणि बहुतेकांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी बारीक रेघ. खाली इंग्रजीत दोन नावं आणि कापलेली अक्षरं होती. तो फ्लेम्सचा खेळ शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पहिल्यांदा उत्तर ‘मैत्री’ आलं होतं, म्हणून आडनाव घालून पुन्हा मांडलं होतं, आणि दुसऱ्या वेळी जे हवं ते आलं होतं.

वरची गोल अक्षरं आईला वाचता येईनात. सासूबाई घरात कन्नड बोलतात, पण लिहिता-वाचता येत नाही. मग आईनं वही पदराखाली धरली आणि समोरच्या अक्कांकडे नेली. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “हे तेलुगू आहे की. मुलाचं नाव आहे.” आणि हसल्या. संध्याकाळपर्यंत ते नाव गल्लीतल्या चार घरांत पोहोचलं होतं.

मी सोलापुरात किशोरवयीन मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी समुपदेशन करते. सई आणि तिच्या आईच्या परवानगीनं हे लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशीलही. सईचं वय तेव्हा तेरा वर्षं चार महिने, इयत्ता आठवी. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, आई घरी ब्लाउज शिवते. घरात आज्जी आणि चौथीतला धाकटा भाऊ. मुलगा सईपेक्षा वर्षानं मोठा, नववीतला, एकाच क्लासला जाणारा. पूर्व भागातल्या तेलुगू घरातला.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, “हा कोण?” सई म्हणाली, “मैत्रिणीचं आहे ते, माझं नाही.” आईनं कानाखाली मारली. फोन कपाटात गेला, क्लास बंद झाला. वडील दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला आले आणि जेवायच्या आधीच म्हणाले, “शाळा बस्स झाली. गावाला आत्याकडे सोडून येतो.” आज्जी देवापुढे बसून रडत होती. सई काहीच बोलली नाही.

पुढचे नऊ दिवसही ती जवळजवळ बोलली नाही. चौथ्या दिवसापासून पोटात दुखायला लागलं, तीन दिवस शाळा बुडाली. डॉक्टरांनी तपासलं, औषध देण्यासारखं काही नव्हतं. आठव्या दिवशी कळलं की सई अभ्यासाला म्हणून मैत्रिणीकडे जाते आणि तिच्या आईच्या फोनवर स्वतःचं इन्स्टाग्राम उघडते. त्यानंतर आई माझ्याकडे आली.

तिनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. “ओ मॅडम, तुम्हीच वाचा.”

मी विचारलं, “वही इथं आणलीय हे सईला माहितीय?”

नव्हतं.

“मग परत पिशवीत ठेवा. मला वाचायची असेल तर मी तिला विचारेन.”

आई थोडी नाराज झाली. तिला वाटलं, मी पहिल्या मिनिटालाच पोरीची बाजू घेतली. पण घरात नऊ दिवस जे बिघडलं होतं त्याचं मूळ त्या नावापेक्षा त्या वहीच्या प्रवासात जास्त होतं, हे मला तेव्हाच दिसत होतं. पुढे सईनं मला जे पहिलं पूर्ण वाक्य सांगितलं ते मुलाबद्दल नव्हतं. ती म्हणाली, “मम्मीनं ते अक्कांना दाखवलं. मी आता त्या दारावरनं जाऊ कशी?” मार तिनं गिळला होता. हे तिला गिळवत नव्हतं.

पालक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी असते: मुलगी काय करते ते कळायला हवं. मागणी रास्त आहे. प्रश्न एवढाच की ते कळतं कशानं. स्वीडनमध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 14 वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून 2000 साली एक निष्कर्ष मांडला. आपलं मूल कुठं असतं, कुणाबरोबर असतं, काय करतं याची जी माहिती पालकांना असते, तिचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे मुलानं आपणहून सांगितलेलं. चौकशी आणि नियम यांतून मिळणारं त्यापेक्षा कमी. तोवर ज्याला ‘पालकांचं लक्ष’ म्हणून मोजलं जात होतं, ते बऱ्याच अंशी मुलांचं सांगणं होतं.

सईच्या घरात हे उघड दिसत होतं. वही सापडेपर्यंत ती शाळेतून आली की ओट्याजवळ उभी राहून अर्धा तास बडबडायची. त्या बडबडीत हा मुलगा दोनदा येऊनही गेला होता. “आमच्या क्लासमधला एक जण तेलुगू शिकवतो सगळ्यांना,” हे आईला नंतर आठवलं. वही अक्कांकडे गेली आणि ती बडबड थांबली. त्याच दिवसापासून आईला काहीच कळेनासं झालं. फोन कपाटात होता, पण इन्स्टाग्राम मैत्रिणीच्या घरात उघडत होतं.

बंदी घातली की प्रेम वाढतं, असं बरेच जण म्हणतात. 1972 साली अमेरिकेत जोडप्यांवर केलेल्या एका अभ्यासात घरच्यांचा विरोध आणि प्रेमाची तीव्रता एकत्र वाढताना दिसली होती, तिथून हा समज पसरला. 2014 साली तीच गोष्ट पुन्हा तपासली तेव्हा तसं आढळलं नाही. शिवाय दोन्ही वेळी अभ्यास मोठ्यांचा होता. तेव्हा ‘विरोध केलात तर पोरगी जास्तच गुंतेल’ अशी भीती मी पालकांना घालत नाही. विरोधानं लपवणं वाढतं एवढंच मी सांगते, कारण तेवढं मी घराघरांत पाहिलं आहे.

शांत राहायचं म्हणजे बघून न बघितल्यासारखं करायचं, असा अर्थ मात्र घेऊ नये. पहिलं काम सुरक्षिततेचं. सईशी बोलायच्या आधी मी तिला सांगितलं की तू बोलशील ते माझ्यापाशी राहील, फक्त तुला किंवा आणखी कुणाला धोका आहे असं दिसलं तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगून करेन. मग साध्या शब्दांत विचारलं. तो किती वर्षांचा आहे? ‘हे घरी सांगू नकोस’ असं तो कधी म्हणतो का? फोटो मागितलेत का, कसले? पैसे, रिचार्ज, भेटवस्तू? त्याची कधी भीती वाटते का? त्यानं बोलावलं आणि तू नाही म्हणालीस, तर काय होतं?

यातल्या शेवटच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त थांबते. बरोबरीच्या पोरांमध्ये ‘नाही’ म्हटल्यावर रुसवा होतो, दुसऱ्या दिवशी विसरतात. जिथं ‘नाही’ म्हटल्यावर धमकी, जुने मेसेज दाखवायची भाषा किंवा मरणाची भाषा येते, तिथं प्रकरण वेगळं. समोरचा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, गुपित पाळायला लावत असेल, अंगाचे फोटो मागत असेल, तर त्याला मी पहिलं आकर्षण म्हणून बघतच नाही. 18 वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची लैंगिक बाबतीतली ‘संमती’ कायदा मानत नाही, आणि असा लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं तर तो कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. अशा वेळी 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक किंवा थेट पोलीस. मूल जेवण-झोप सोडून एकटं पडत चाललं असेल किंवा जीव देण्याचं बोलत असेल, तर वाट बघायची नाही. त्याला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. मानसिक त्रासासाठी 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची मदत फोनवर मिळते.

सईच्या उत्तरांत यातलं काही नव्हतं. त्यानं एक फोटो मागितला होता, तो भौतिकच्या वहीतल्या आकृतीचा.

मग मी विचारलं, “त्याच्याशी एकटीनं किती वेळा बोललीस?”

तिनं बोटांवर मोजलं. “चारदा. नाही, पाचदा. एकदा फक्त पेन दिलं.”

सगळ्यांत मोठा प्रसंग गड्ड्यातला होता. संक्रांतीला सिद्धेश्वरांची ही गड्डा यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे लागतात, क्लासमधली आठ-नऊ पोरं मिळून गेली होती. आकाशपाळण्याच्या एका डब्यात चौघं बसले, दोन मुली, दोन मुलं. पाळणा वर गेल्यावर सईनं समोरची दांडी घट्ट पकडली. त्यानंही पकडली होती. दोघांच्या हातांत वीतभर अंतर होतं. “हात लागला नाही मॅडम,” ती घाईनं म्हणाली, आणि मग हळू आवाजात, “पण वर गेल्यावर तळं दिसलं, तेव्हा तो म्हणाला, बघ किती छान दिसतंय. मला म्हणाला. बाकीच्यांना नाही.”

एवढंच होतं. पण तिच्यासाठी ते लहान नव्हतं आणि मी ते लहान करून ऐकलं नाही.

या वयातल्या आकर्षणाचं एक वैशिष्ट्य पालकांना सांगितलं की त्यांच्या खांद्यावरचं ओझं बरंच उतरतं. ब्रॅडफर्ड ब्राऊन या अमेरिकन अभ्यासकानं 1999 साली किशोरवयातल्या प्रेमसंबंधांचे चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात मूल खरं तर स्वतःकडे बघत असतं: मी कुणाला आवडू शकते का, मला कुणी आवडतंय म्हणजे मी मोठी झाले का. दुसऱ्यात मैत्रिणींमधलं स्थान महत्त्वाचं ठरतं, म्हणजे कुणाचं नाव कुणाशी जोडलं जातं आणि वर्गात त्याची चर्चा कशी होते. समोरच्या माणसाशी खरी जवळीक तिसऱ्या टप्प्यावर येते, आणि पुढचं आयुष्य एकत्र काढायचा विचार चौथ्यावर. सई पहिल्या टप्प्यात होती, एक पाय दुसऱ्यात. मुलाशी ती पाचदा बोलली होती, मैत्रिणींशी त्याच्याबद्दल शंभरदा. तेलुगू अक्षरंसुद्धा त्यानं शिकवली नव्हती. मैत्रिणीनं तिला त्याचं नाव लिहून दिलं होतं आणि सईनं ते गिरवलं होतं.

हे ऐकल्यावर आईचा चेहरा बदलला. तिच्या डोक्यात नऊ दिवस चौथा टप्पा चालू होता: पळून जाणं, लग्न, दुसरा समाज, नातेवाईक. तेरा वर्षांच्या मुलीच्या वहीत तिनं तेवीस वर्षांच्या मुलीचं भविष्य वाचलं होतं. आणि क्लास बंद करून उपयोग का होत नाही तेही इथंच समजतं. या टप्प्यात जे चालतं ते मैत्रिणींच्या गप्पांत आणि तिच्या स्वतःच्या मनात, आणि ती दोन्ही ठिकाणं तिच्याबरोबर सगळीकडे जातात.

वडील दुसऱ्या आठवड्यात आले, पहिली पाळी करून थेट. शर्टावर कापसाचा भुरका तसाच होता. ते बसायच्या आधीच म्हणाले की मी त्या पोराच्या घरी जाणार आहे. मी विचारलं, जाऊन काय सांगणार? ते बराच वेळ गप्प राहिले. ठोस सांगण्यासारखं काही नव्हतंच. पोरानं काही केलं नव्हतं. पण त्या दारात उभं राहिल्यावर दोन घरांची, मग दोन समाजांची गोष्ट झाली असती, आणि त्याला मारही बसला असता. जी गोष्ट सईनं अजून त्या मुलालाही सांगितली नव्हती, ती वडिलांनी त्याच्या दारात जाऊन जाहीर केली असती.

त्यांची भीती मी उडवून लावली नाही. मुलीबद्दल गल्लीत काय बोललं जाईल हे बापाला सोसावं लागतं, ते खरं आहे. मी एवढंच विचारलं, “तुम्ही आठवीत असताना तुम्हाला कुणी आवडायचं का?”

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, “एक होती. मी शाळेतनं घरी यायला लांबचा रस्ता धरायचो. तिच्या घरावरनं सायकल काढायला.”

“घरी कळलं असतं तर?”

“फोडून काढलं असतं वडिलांनी.” थोड्या वेळानं म्हणाले, “आता ती समोर आली तर ओळखणारपण नाही मी.”

त्यानंतर आत्याकडे पाठवायचा विषय त्यांनी काढला नाही.

दुरुस्ती आईपासून सुरू करायची होती, कारण तुटलं ते तिच्या आणि सईच्या मधलं. आम्ही दोघींनी मिळून काय बोलायचं ते ठरवलं. वेळ रात्री जेवणानंतरची, भाऊ झोपल्यावर. समोरासमोर बसवून विचारायचं नाही. हातात काम घेऊन शेजारी बसायचं. या वयाच्या मुलांना नजरेला नजर देऊन मनातलं सांगणं फार जड जातं. शेजारी बसून भाजी निवडताना, गाडीवर मागं बसून जाताना ती सहज बोलतात. आईकडे हातशिलाईचं काम होतंच. एका ब्लाउजची बाही तिनं घेतली, दुसरी सईकडे दिली.

आधी माफी, आणि ती नेमक्या गोष्टीची. “माझं चुकलं” एवढं पुरेसं नव्हतं. आई म्हणाली, “तुझी वही मी अक्कांना दाखवायला नको होती. ती तुझी होती. मला वाचता येईना म्हणून मी घाबरले आणि बाहेर नेली. आणि मारलं, तेही चुकलं.” मग गप्प बसायचं, असं मी बजावलं होतं. इथं बहुतेक पालक चुकतात. माफी मागून झाली की लगेच ‘पण तूसुद्धा’ सुरू होतं, आणि मुलाला कळतं की माफी ही प्रस्तावना होती.

सईनं चार टाके घातले आणि विचारलं, “पप्पा खरंच पाठवणारेत?”

“नाही.”

मग ती रडली. त्या रात्री मुलाबद्दल एक शब्दही निघाला नाही आणि आईनं काढला नाही. तो निघायला पाच दिवस लागले. तेव्हाही सईनं फक्त विचारलं, “मम्मी, असं कुणी आवडणं वाईट असतं का?” आईनं जे उत्तर दिलं ते मी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, “आवडणं वाईट नसतं गं. मलापण आवडलेला एक जण. पण आवडलं म्हणून लगेच काही करायचं नसतं. अजून आवडी बदलतील तुझ्या.” आणि मग तिनं एकच प्रश्न विचारला: “त्याच्यात काय आवडतं तुला?” सई म्हणाली की तो कुणाला चिडवत नाही. क्लासमधली बाकीची पोरं एका जाड मुलीला चिडवायची, हा तसं करायचा नाही. मुलाबद्दल विचारायचंच असेल तर हा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यातून आपल्या लेकीला माणसात काय दिसतं ते कळतं, आणि तिलाही ते पहिल्यांदा शब्दांत मांडावं लागतं.

अक्कांचं काय करायचं? आईनं त्यांच्याकडे जाऊन स्पष्ट सांगितलं, “ते पोरीचं खाजगी होतं, मी दाखवायला नको होतं, आता कुणी विचारलं तर विषय बंद करा.” गल्लीतलं बोलणं लगेच थांबलं नाही. पण आई आपल्यासाठी त्या दारात गेली, हे सईनं खिडकीतून पाहिलं होतं.

फोनवर आमची बरीच चर्चा झाली, कारण वडिलांना तो दहावीपर्यंत नको होता. शेवटी ठरलं ते असं: फोन घरातला, आईचा जुना, रात्री नऊ वाजता समोरच्या खोलीत चार्जिंगला. पासवर्ड आईला माहीत असेल, पण सईच्या मागं आई मेसेज वाचणार नाही. धोक्याची शंका आली तर तिच्यासमोर बसून, सांगून बघेल. आणि सईनं काही चुकीचं आलेलं दाखवलं, तर त्या दाखवण्याची शिक्षा म्हणून फोन काढून घेतला जाणार नाही. ही शेवटची अट मी आग्रहानं घातली. ‘सांगितलं तर फोन जाईल’ हे मुलांनी न सांगण्याचं अगदी साधं कारण असतं. क्लास पुन्हा सुरू झाला. एकट्यानं बाहेर भेटायचं नाही, घोळक्यात जायचं तर कुठं आणि किती वाजता परत ते सांगून जायचं, हे नियम राहिले, आणि सईला ते जाचक वाटले नाहीत. पोटदुखी दोन आठवड्यांत थांबली.

शरीराबद्दलही आईला बोलावं लागलं. सईची पाळी सुरू होऊन वर्ष झालं होतं, पण तेव्हा बोलणं पॅडपाशी थांबलं होतं. कुणी आवडलं की छाती धडधडते, अंगात वेगळं वाटतं, ते सगळं या वयात होतं, आणि आपल्या अंगाला कुणी हात लावायचा की नाही ते आपण ठरवायचं, हे तिनं दोन-तीन वेळा थोडं थोडं करून सांगितलं. मुलगा असता तर हेच बोलणं वडिलांनी करायला हवं होतं. त्यात समोरची ‘नाही’ म्हणाली किंवा गप्प झाली तर तिथं थांबायचं, मागं मागं फिरायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत यायला हवं होतं. मुलांच्या घरी हे बोलणं बहुधा होतच नाही. तिथं हसून तरी सोडतात किंवा बडवून.

मार्चमध्ये आईचा रात्री फोन आला. त्या मुलाला त्याच्या मित्रांनी सईवरून चिडवलं होतं आणि त्यानं सगळ्यांसमोर ‘मी तिला ओळखतपण नाही’ म्हणून सांगितलं. सई पांघरुणात डोकं घालून रडत होती. “मॅडम, माझ्या तोंडावर आलंय, बरं झालं म्हणावं. म्हणू का?”

मी म्हणाले, आज नका. हे दुःख खरं आहे. चारचौघांत नाकारलं जाण्याची तिची ही पहिलीच वेळ आहे. पाच वेळा बोललेल्या मुलासाठी एवढं काय, हा हिशेब मोठ्यांचा झाला. ‘बरं झालं’ म्हटलं की तिला दोन माणसांनी सोडलं असं होतं, त्यानं आणि आईनं. ‘मी सांगितलं होतं’ तर त्याहून वाईट. आणि त्या पोराला शिव्या घालणंही नको. दोन दिवसांनी ती त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली तर ते आपल्यापासून लपवावं लागेल तिला.

आईनं भाकरी कुस्करली, दही आणि शेंगाचटणी घातली, ताटली घेऊन अंधारातच शेजारी जाऊन बसली. “सगळ्यांसमोर म्हणाला?” एवढंच विचारलं. पांघरुणातून हुंकार आला. “मग लागणारच की गं,” आई म्हणाली. साडेदहाच्या सुमाराला ताटली रिकामी झाली. सई आठवडाभर उदास होती, क्लासला मागच्या बाकावर बसली, पण शाळा एक दिवसही बुडाली नाही. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मे महिन्यात आईनं सहज विचारलं तेव्हा सई म्हणाली, “कोण? तो होय,” आणि आंबा चोखत राहिली.

प्रकरण मी तिथं बंद केलं होतं. जूनच्या शेवटी आई पुन्हा आली, दहा मिनिटांसाठी.

सई नववीत गेली होती. एका संध्याकाळी आई मशीनवर बसली होती, दुसऱ्या दिवशी द्यायचे दोन ब्लाउज बाकी होते. सई बाहेरच्या खोलीतून आली आणि फोन आईच्या हातातल्या कापडावरच ठेवला. एका अनोळखी खात्यावरून मेसेज होते. स्वतःचं वय एकोणीस सांगणारा कुणीतरी आठवडाभर गोड बोलत होता, त्या दिवशी फोटो मागितला होता, आणि खाली लिहिलं होतं की हे आपल्या दोघांतच ठेव.

“मम्मी, हे वाच. मी उत्तर दिलं नाही.”

आईनं आधी मशीन बंद केली. मग दोघींनी मिळून मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, खात्याची तक्रार केली, ब्लॉक केलं. रात्री वडिलांना सईनंच सांगितलं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, “फोन नऊला चार्जिंगला लाव,” म्हणजे रोज म्हणत तसंच.